नफ्याचे पाच लाख गेले कुठे?

प्रश्न: माझं छोटं दुकान आहे. हिशेबनीस म्हणतो यंदा नफा चांगला झाला, कागदावरही तसंच दिसतंय. पण बँकेत गेल्या वर्षीपेक्षा कमी पैसे आहेत. हिशेब चुकलाय, कुणी पैसे मारतंय, की मलाच काही कळत नाहीये?

उत्तर: चोरीचं शेवटी बघू. आधी गेल्या वर्षअखेरचा आणि यंदाचा असे दोन ताळेबंद काढा आणि शेजारी शेजारी ठेवा. नफा-तोटा पत्रक कितीही वेळा वाचलंत तरी त्यात हे उत्तर मिळणार नाही, कारण पैसे ज्या जागांवर जाऊन बसतात त्यातल्या बऱ्याच जागा त्या पत्रकात येतच नाहीत. त्या कशा शोधायच्या ते एका दुकानाच्या आकड्यांवरून सांगतो. दुकान ओळखू येऊ नये म्हणून आकडे सरळ करून घेतलेत आणि विक्रीवरचा कर बाजूला ठेवलाय, पण हिशेब पूर्ण जुळतो.

दिव्यांचं आणि वीजसाहित्याचं दुकान. चालवणाऱ्या बाई व्यवहाराला पक्क्या. वर्षाची विक्री ६० लाख, आणि पत्रकात निव्वळ नफा ५ लाख. वर्षाच्या सुरुवातीला बँक आणि गल्ला मिळून ३ लाख १० हजार होते. वर्षअखेरीला उरले ३० हजार. म्हणजे ५ लाख कमावले आणि शिल्लक मात्र २ लाख ८० हजारांनी घटली. त्यांचा संशय काउंटरवरच्या मुलावर होता.

त्या येताना स्वतःची वही घेऊन आल्या होत्या. त्यात पेन्सिलीने तीन ओळींचा हिशेब: विक्री ६० लाख, खरेदी साडेएकोणपन्नास लाख, भाडं-पगार-वीजबिल-व्याज असा सगळा खर्च ९ लाख. उरले दीड लाख. "सर, माझ्या वहीत दीडच लाख उरतात. तुमचे हे पाच लाख आले कुठून?"

प्रश्न अगदी नेमका होता, कारण पुढचं सगळं उत्तर या साडेतीन लाखांच्या फरकापासूनच सुरू होतं. त्यांची बेरीज-वजाबाकी चुकलेली नव्हती. फरक इतकाच की त्यांनी वर्षभरात घेतलेला सगळा माल खर्चात धरला होता, आणि नफा काढताना फक्त विकला गेलेला माल धरतात. सुरुवातीला दुकानात ९ लाखांचा माल होता. त्यात साडेएकोणपन्नास लाखांचा आला. अखेरीला मोजला तेव्हा साडेतेरा लाखांचा शिल्लक होता. म्हणजे ४५ लाखांचा माल विकला गेला. नफ्याच्या हिशेबात तेवढाच येतो. उरलेल्या साडेचार लाखांचा जादा माल खर्च मानला जात नाही, तो मालमत्ता म्हणून ताळेबंदात जाऊन बसतो. पुरवठादाराला मात्र त्याचे पैसे द्यावेच लागतात, आज नाहीतर महिन्याभराने.

दुसरी गोष्ट उलट्या दिशेची. दुकानाच्या नव्या मांडण्या, काचेची कपाटं, शोकेस यांवर आदल्या वर्षी ८ लाख खर्च झाले होते. ते ८ वर्षं टिकतील असं धरून दरवर्षी १ लाख घसारा म्हणून नफ्यातून वजा होतो. यंदा त्यापोटी एक पैसाही बाहेर गेलेला नाही. म्हणून बाईंच्या दीड लाखांत जादा मालाचे साडेचार लाख मिळवले आणि घसाऱ्याचा एक लाख वजा केला की बरोबर पाच लाख येतात. हे मांडून दाखवल्यावर निदान हिशेबनीसाने आकडा रचलाय ही शंका गेली.

मग मी विचारलं की साडेचार लाखांचा माल वाढला कशाला? विक्री तर जवळपास गेल्या वर्षाइतकीच. इथे जरा थांबतो, कारण लहान दुकानांत पैसा सगळ्यात जास्त इथेच अडकलेला मला दिसतो, आणि तो तोट्यासारखा दिसत नसल्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही.

शिल्लक माल किती दिवस पुरेल हे काढायला एकच भागाकार लागतो: अखेरचा माल भागिले वर्षात विकलेल्या मालाची खरेदी किंमत, गुणिले ३६५. आदल्या वर्षी ४३ लाख ८० हजारांचा माल विकून ९ लाखांचा उरला होता, म्हणजे ७५ दिवसांचा. यंदा ४५ लाखांवर साडेतेरा लाख, म्हणजे जवळपास ११० दिवसांचा. विक्री तेवढीच, पण माल आणखी ३५ दिवस जास्त दुकानात पडून राहतो. भागाकारात विक्रीची किंमत घेऊ नका, खरेदीचीच घ्या. नाहीतर नफ्याचा वाटा मध्ये शिरतो आणि दिवस खोटे कमी दिसतात.

कारण त्यांना लगेच आठवलं. एका पुरवठादाराने मोठी ऑर्डर दिल्यास ५ टक्के जादा सूट देऊ केली होती. बाईंनी ३ लाखांचा माल एकदम उचलला. १५ हजार वाचले म्हणून खूश होत्या. तो माल संपायला साधारण ८ महिने लागणार होते. पहिल्या दिवशी ३ लाख अडकलेले, शेवटी शून्य, म्हणजे सरासरी दीड लाख ८ महिने अडकले. त्या १२ टक्क्यांनी कर्ज काढू शकत होत्या असं धरलं तर दीड लाखांचं ८ महिन्यांचं व्याज १२ हजार. ढोबळमानाने हातात राहिले ३ हजार. आणि या तीन हजारांसाठी माल ठेवायला जागा गेली, तुटफूट झाली ती वेगळी, शिवाय नवं मॉडेल आलं की जुनं पडून राहण्याची जोखीम डोक्यावर. सूट खरी होती, पण ती मुख्यतः पुरवठादाराच्या गोदामाचं ओझं त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतल्याची मजुरी होती. जो माल ८ महिन्यांऐवजी महिन्या-दीड महिन्यात संपतो त्यावर हीच सूट आली तर डोळे झाकून घ्यावी. म्हणून सूट किती टक्के यापेक्षा माल किती महिन्यांत संपेल हे मी आधी विचारतो.

माल झाला. आता उधारी. पूर्वी दुकान जवळपास रोखीचं. मागच्या दोनेक वर्षांत त्यांनी वायरमन आणि छोट्या कंत्राटदारांना उधार द्यायला सुरुवात केली होती. सुरुवातीला येणी १ लाख १० हजार होती, अखेरीला २ लाख ४० हजार. बिल फाडलं त्या दिवशी विक्री धरली जाते, नफाही त्याच दिवशी धरला जातो. पैसे यायचे तेव्हा येतात. वाढलेले १ लाख ३० हजार असे की जे नफ्यात मोजलेत पण बँकेत आलेले नाहीत. मी नुसत्या बेरजेवर थांबत नाही, प्रत्येक बिलाची तारीख लावून यादी करायला सांगतो. त्या यादीत दोनच कंत्राटदारांकडे ७० हजार, आणि तेही तीन महिन्यांपेक्षा जुने. बाकीची उधारी फिरती होती, येत-जात होती. ही थकलेली होती. बाहेरून बघता दोन्ही "येणी" याच एका ओळीत बसतात.

त्याच वर्षी पुरवठादारांची देणीही १ लाख ८० हजारांनी वाढली होती. याचा परिणाम उलटा: माल घेतला, पैसे अजून दिले नाहीत, म्हणून बँकेत तेवढे जास्त राहिले. बाईंना हे कळलं तेव्हा त्यांचा चेहरा जास्तच उतरला, आणि ते बरोबरच होतं. त्यांना वाटत होतं की निदान ३० हजार तरी आहेत. पुरवठादारांची उधारी गेल्या वर्षीइतकीच ठेवली असती तर खातं दीड लाखाने उणे गेलं असतं. वाढलेली देणी दोन प्रकारची असतात. पुरवठादाराने आपणहून मुदत वाढवून दिली असेल तर तो पैसा काही काळ निर्धास्त वापरता येतो. मुदत टळून गेल्यावरही बिल तसंच पडून असेल तर तो उसना वेळ आहे. पुढच्या ऑर्डरीला माल उशिरा येतो किंवा सूट बंद होते. त्यांच्या १ लाख ८० हजारांतला मोठा भाग त्या सुटीच्या मालाच्याच बिलाचा होता आणि ते बिल पुढच्याच महिन्यात भरायचं होतं.

इथपर्यंत दुकानाने प्रत्यक्षात किती रोकड मिळवली ते काढता येतं. नफा ५ लाख, घसारा परत मिळवून ६ लाख. त्यातून मालाचे साडेचार लाख आणि उधारीचे १ लाख ३० हजार गेले, राहिले २० हजार. देण्यांचे १ लाख ८० हजार मिळवले की २ लाख. वर्षभर दुकान चालवून हाती आलेली खरी रोकड ही एवढी. पाच नाही, दोन.

पण दोन लाख तरी वाढायला हवे होते, घटले कसे? पुढच्या दोन जागा अशा आहेत ज्यांचा नफ्याशी संबंधच नाही.

पहिली जागा कर्जाचा हप्ता. मांडण्यांसाठी घेतलेल्या कर्जाचा महिन्याला १५ हजारांचा हप्ता जात होता, वर्षाचे १ लाख ८० हजार. बाई हा सगळा आकडा खर्च समजत होत्या, मग तो पत्रकात दिसत नाही म्हणून गोंधळत होत्या. बँकेकडून मिळणारा वर्षाचा तक्ता बघितला तर त्यातलं व्याज ६० हजार आणि मुद्दल १ लाख २० हजार. व्याज खर्चात आलंय, त्यांच्या वहीतल्या ९ लाखांतही आहे. मुद्दल हा खर्च नाही, घेतलेलं परत करणं आहे. म्हणून ते नफ्याला शिवत नाही, थेट ताळेबंदातलं कर्ज कमी करतं. तुमच्याकडे कर्ज असेल तर हा तक्ता जरूर मागून घ्या. हप्ता तोच राहतो, पण त्यातली फोड दर महिन्याला बदलते. सुरुवातीला व्याज जास्त असतं, शेवटाकडे मुद्दल. म्हणूनच कर्ज जुनं होत जातं तसा नफा थोडा सुधारलेला दिसतो आणि खिशाला मात्र काहीच फरक पडत नाही.

दुसरी जागा मालकाची उचल. एकट्याच्या मालकीच्या दुकानात मालक घरासाठी जे पैसे काढतो तो पगार म्हणून खर्चात पडत नाही. बाई बँकेतून दर महिन्याला २५ हजार काढत होत्या, वर्षाचे ३ लाख. नफा झाल्यावर तो कोण खातंय याचा हा हिशेब, नफा किती झाला याचा नाही. पाच लाख नफा ऐकला की माणसाला वाटतं अजून पाच लाख हाती यायचेत. वास्तविक त्यातले तीन लाख घरी पोचून संपलेही होते.

आता मांडू:

नफा: ५,००,०००
घसारा परत मिळवला: + १,००,०००
माल वाढला: − ४,५०,०००
उधारी वाढली: − १,३०,०००
देणी वाढली: + १,८०,०००
कर्जाचं मुद्दल: − १,२०,०००
मालकाची उचल: − ३,००,०००
शिल्लक बदलली: − २,२०,०००

सुरुवातीच्या ३ लाख १० हजारांतून २ लाख २० हजार गेले तर ९० हजार उरायला हवेत. बाईंकडे होते ३० हजार. ६० हजारांचा फरक तसाच राहिला.

असा उरलेला फरक "किरकोळ" म्हणून सोडू नये. हिशेबाच्या वहीत बँकेची शिल्लक २२ हजार होती आणि ती बँकेच्या उताऱ्याशी तंतोतंत जुळत होती. म्हणजे घोळ बँकेत नव्हता. वहीप्रमाणे हातची रोकड मात्र ६८ हजार होती. गल्ला उघडून मोजला तर ८ हजार. संशयाचा मुलगा आता खरंच अडचणीत आला असता, पण मी आधी बाईंनाच विचारलं, घरातलं किरकोळ काही गल्ल्यातून भागवता का? थोडा वेळ गप्प राहून त्या म्हणाल्या, "ते हो, पण ते काय, कधी पाचशे, कधी हजार." आठवड्याला हजार-बाराशे म्हटलं तरी महिन्याचे पाच हजार होतात आणि वर्षाचे ६० हजार. त्याची कुठे नोंद नाही, म्हणून वहीला वाटत होतं पैसे गल्ल्यातच आहेत.

हे नेमकं तेच ६० हजार होते याचा पुरावा अर्थातच नव्हता. म्हणून पुढचे काही महिने गल्ल्यात एक छोटी वही ठेवायला सांगितली, जे काढाल ते त्यात लिहायचं, आणि रोज दुकान बंद करताना रोकड मोजून वहीशी ताडून बघायची. नोंदी सुरू झाल्यावर गल्ला रोज जुळू लागला. चोरी होत असती तर वही लिहूनही तूट येत राहिली असती. वहीतली हातची रोकड महिन्यागणिक फुगत चालली असेल आणि गल्ला मात्र तेवढाच असेल, तर बिननोंदीची उचल किंवा चोरी यांपैकी एक नक्की, आणि दोन्हींतला फरक या रोजच्या मोजणीशिवाय कळत नाही.

रोकडीचा हिशेब इथे पुरा झाला. पण मला अजून एक गोष्ट बघायची होती. साडेतेरा लाखांचा माल मोजला कसा? "यादीवरून," त्या म्हणाल्या. संगणकातली यादी, खरेदी किंमतीने. आम्ही माळ्यावर गेलो. मागच्या भिंतीला जुन्या पद्धतीच्या दिव्यांच्या पट्ट्या आणि त्यांची जोडणीची साधनं, खोक्यांवर खोकी. वरच्या खोक्यावर धुळीचा थर आणि आत बिलाची नक्कल, दोन वर्षांहून जुनी. नवे दिवे आल्यापासून तो माल कुणी विचारतही नव्हतं. खरेदी किंमत धरली तर १ लाख ४० हजार. जवळच्या एका दुरुस्तीवाल्याने सगळा मिळून ५० हजारांना घ्यायची तयारी दाखवली.

शिल्लक मालाची किंमत खरेदी किंमत किंवा विकून प्रत्यक्ष हाती येईल ती रक्कम, यांत जी कमी असेल ती धरायची असते. म्हणजे त्या मालाचे ९० हजार आधीच बुडालेले होते, फक्त कागदाला ते माहीत नव्हतं. साडेतेरा लाखांचा माल १२ लाख ६० हजारांवर आला आणि नफा ५ लाखांवरून ४ लाख १० हजारांवर. बँकेतले पैसे? एक पैशाने बदलले नाहीत. वरच्या मांडणीत नफा ९० हजारांनी कमी करा आणि वाढलेला माल साडेचार लाखांऐवजी ३ लाख ६० हजार लिहा, खालचा आकडा तोच राहतो. रोकडीला मत नसतं, माल किती मोलाचा हे माणूस ठरवतो. म्हणून दरवर्षी नफा दिसतो, माल वाढत जातो आणि रोकड कधीच येत नाही अशी दुकानं बघितली की मी आधी माळा बघायला मागतो. कंत्राटदारांच्या त्या ७० हजारांचंही हेच. त्यातले येणार नाहीत असं दिसलं तर तेही नफ्यातून कमी होतील, रोकड पुन्हा जिथली तिथे.

तुमच्या बाबतीत आता असं करा. दोन ताळेबंदांतल्या माल, येणी, देणी आणि कर्ज या चार ओळींची वजाबाकी करा. माल आणि येणी वाढली तर तेवढी रोकड गेली, देणी वाढली तर तेवढी थांबली, कर्ज कमी झालं तर तेवढं मुद्दल फिटलं. नफ्यात घसारा मिळवा, हे आकडे आपापल्या दिशेने लावा, वर्षभराची उचल वजा करा. नवं यंत्र, फर्निचर किंवा कुठे ठेवलेली अनामत असेल तर तीही वजा होईल. बाईंच्या वर्षात तसं काही नव्हतं म्हणून वर आलं नाही. ग्राहकांकडून घेतलेला पण अजून न भरलेला कर देण्यांत धरायला विसरू नका. तो खात्यात पडलेला असतो तोवर शिल्लक फुगलेली दिसते आणि भरायच्या तारखेला एकदम खाली येते.

एवढं करून बँक आणि गल्ला जुळला तर पैसे कुणी मारलेले नाहीत, ते कुठे बसलेत ते तुमच्यासमोर आहे. नाही जुळला तर आधी बँकेची वही बँकेच्या उताऱ्याशी ताडा. ती जुळली की उरलेला फरक हातच्या रोकडीतच असणार, मग गल्ला मोजा. आणि माल यादीवरून धरला असेल, तर हे सगळं करण्याआधी एकदा शिडी लावून प्रत्यक्ष मोजून या.